तुटलेल्या स्प्रिंगमध्ये अॅल्युमिनियम सापडलं, म्हणजे नक्की काय सापडलं?

विमानाचा नाहीतर एखाद्या मोठ्या मशिनचा अपघात झाला की काही महिन्यांनी बातमी येते, "तपासात मेटल फटीग आढळला, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धातूत दोष दिसला". मेटल फटीग म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून धातूत चीर वाढत जाणं. बातमीसोबत एक करडा फोटो असतो, चंद्रावरच्या जमिनीसारखा, आणि कधीकधी डोंगररांगेसारखा उंच टोकांचा एक ग्राफ असतो. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कारखान्यात असे रिपोर्ट हातात पडणाऱ्या बऱ्याच क्वालिटीवाल्यांनाही कळत नाही, ते डायरेक्ट शेवटच्या पानावर जाऊन "कारण" एवढंच वाचतात. माझं काम हेच फोटो आणि ग्राफ वाचायचं आहे, पुण्याच्या ऑटो पट्ट्यात, त्यामुळे एकच केस घेऊन हे वाचायचं कसं ते सांगतो.

केस आहे इंजिनच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगची. इंजिनमध्ये व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो, त्याला परत मिटवणारी जी स्प्रिंग असते ती. साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची तार, सिलिकॉन-क्रोमवालं स्टील. टेस्ट रिगवर एक कोटीच्या वर फेरे झाल्यावर तुटली. एक कोटी ऐकून खूप वाटतं, पण इंजिन चारएक हजार आरपीएमवर असेल तर स्प्रिंग मिनिटाला दोन हजार वेळा दबते, म्हणजे तासाला एक लाख वीस हजार, शंभर तासही लागत नाहीत. म्हणजे ही स्प्रिंग तुटायलाच नको होती.

स्प्रिंगवाल्यांचा क्वालिटीचा माणूस तुकडे घेऊन आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "साहेब, आम्ही दुसरीकडे ईडीएस करून घेतलंय, अॅल्युमिनियम आलंय. स्टीलवाल्याचा माल खराब. तुम्ही फक्त तेवढं लिहून द्या." ईडीएस म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्येच एखाद्या जागी कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी तपासणी. आणि स्टीलवाल्यांचं म्हणणं त्याआधीच मेलवर आलं होतं, की ते अॅल्युमिनियम तुमच्या कटिंग व्हीलचं आहे.

दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं, हे आधीच सांगतो.

आधी नुसत्या डोळ्यांनी

एसईएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, हा उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनच्या बारीक झोताने बघतो. पण त्यात तुकडा घालायच्या आधीच निम्मं काम होतं आणि ते लोक टाळतात. फळ्यावर लिहायचा खडू घ्या आणि वाकवून तोडा, तो सरळ आडवा तुटतो. आता दुसरा घ्या आणि दोन्ही टोकं धरून पिळा, तो तिरका, ४५ अंशात, मळसूत्रासारखा तुटतो. स्प्रिंग दबते तेव्हा तिची तार आतून पिळली जात असते, म्हणून स्प्रिंगची फटीगची चीर बहुतेक वेळा ४५ अंशात वाढते. आमच्या तुकड्याचा तुटलेला भाग तसाच तिरका होता.

मग दहापट भिंगाखाली बघितलं तर पृष्ठभागावर बारीक रेघा होत्या, उपनद्या जशा मुख्य नदीकडे येतात तशा सगळ्या एका जागेकडे गोळा होणाऱ्या. ती जागा म्हणजे उगम. चीर तिथून निघाली आणि बाहेर पसरली. उगम ठरला नसेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही, कारण तुटलेल्या पृष्ठभागावर बघाल तिथे काही ना काही कण दिसतोच, आणि ५००० पटीवर तर प्रत्येक कण गुन्हेगार वाटतो. म्हणून मी कायम ३० पटीपासून सुरू करतो, मग १००, मग ५००, आणि प्रत्येक पायरीचा फोटो ठेवतो, म्हणजे २००० पटीवरचा कण नक्की कुठे बसलाय ते नंतर कुणालाही दाखवता येतं. एखाद्या रिपोर्टात नुसता ५००० पटीचाच फोटो असेल तर आधीचे फोटो मागा, बिनधास्त मागा.

१०० पटीवर उगमाच्या जागी एक गोल डाग दिसला, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, आणि त्याच्या बरोबर मधोमध एक ठिपका. याला आमच्यात फिश-आय म्हणतात, माशाचा डोळा, आणि दिसतोही तसाच. हा डोळा बाहेरच्या कडेला जेमतेम टेकला होता. याचा अर्थ असा की चीर तारेच्या पृष्ठभागावर सुरूच झाली नव्हती, ती पाव मिलिमीटर आत सुरू झाली, सगळीकडे सारखी गोल वाढत गेली आणि वाढता वाढता पृष्ठभागाला पोचली. ती आत का सुरू झाली? कारण या स्प्रिंगवर शॉट पीनिंग केलेलं असतं, म्हणजे लोखंडी छर्रे मारून वरची कातडी दाबून घट्ट केलेली असते. दाबलेल्या कातडीत चीर सहसा उघडत नाही. मग ती त्या कातडीच्या खाली कमजोर जागा शोधते, आणि स्टीलमध्ये एखादा खडा असला तर तीच ती जागा. या खड्याला म्हणतात इन्क्लूजन, स्टील वितळलेलं असताना त्यात राहून गेलेला ऑक्साईड किंवा सल्फाईडचा कण. भातात खडा राहतो तसाच, शंभर घास नीट जातात आणि एका घासाला दाताखाली येतो.

फोटोत पांढरं आणि काळं म्हणजे काय

एसईएमचा फोटो करडा असतो, त्यात खरा रंग नसतो, आणि लोकांची पहिली गफलत इथेच होते. एकाच जागेचे दोन प्रकारचे फोटो काढता येतात. एकात उंचसखल दिसतं, संध्याकाळी तिरपं ऊन पडल्यावर भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो तसं. दुसऱ्यात परत उसळून आलेले इलेक्ट्रॉन मोजतात आणि तिथे उजळपणा अणुक्रमांकावर ठरतो, जड अणू उजळ आणि हलके अणू काळपट. लोखंडाचा अणुक्रमांक २६, ऑक्सिजनचा ८, अॅल्युमिनियमचा १३. त्यामुळे अॅल्युमिनियमच्या ऑक्साईडचा कण या दुसऱ्या फोटोत स्टीलपेक्षा स्पष्ट काळा दिसायला पाहिजे.

गंमत अशी की पहिल्या फोटोत हाच कण पांढराशुभ्र चमकू शकतो. ऑक्साईड वीज वाहून नेत नाही, त्यावर इलेक्ट्रॉन साठतात आणि तो भगभगीत दिसायला लागतो. म्हणजे एकच कण एका फोटोत पांढरा, दुसऱ्यात काळा. रिपोर्टात "पांढरा कण" असं लिहिलेलं असेल तर कुठल्या फोटोत पांढरा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आमच्या स्प्रिंगच्या काळ्या-उजळ फोटोत उगमाचा ठिपका काळाच होता, साधारण ३५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्मा. पण आजूबाजूलाही काळे ठिपके होते, दहा-बारा तरी, लहान आणि टोकेरी. स्टीलवाले जे म्हणत होते ते हेच.

ईडीएसचा ग्राफ कसा वाचायचा

इलेक्ट्रॉनचा झोत अणूवर आदळला की अणू एक्स-रे सोडतो आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या एक्स-रेची ऊर्जा ठरलेली असते. देवळातल्या वेगवेगळ्या घंटा डोळे मिटूनही ओळखू येतात तसंच. ही ऊर्जा आणि अणुक्रमांक यांचं नातं मोस्ले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली दाखवलं आणि आजचं सगळं ईडीएस त्यावरच उभं आहे. ग्राफच्या आडव्या रेषेवर ऊर्जा असते, उभ्या रेषेवर त्या ऊर्जेचे किती एक्स-रे आले ते. ऑक्सिजनचं टोक ०.५२ ला, मॅग्नेशियम १.२५ ला, अॅल्युमिनियम १.४९, सिलिकॉन १.७४, कॅल्शियम ३.६९, लोखंड ६.४० ला, हे सगळं किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. आकडे पाठ करायची गरज नाही, सॉफ्टवेअर नावं लिहून देतं.

पण झोत टोचला कुठे आणि एक्स-रे आले कुठून, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीपकागदावर शाईचा थेंब टाकला की तो टेकला त्यापेक्षा जास्त जागेत पसरतो. इलेक्ट्रॉनही तसेच धातूच्या आत पसरतात, नेहमीच्या १५ ते २० किलोव्होल्टला स्टीलमध्ये साधारण एक मायक्रॉनभर. म्हणून अर्ध्या मायक्रॉनच्या कणावर नेम धरला तरी ग्राफमध्ये आजूबाजूचं लोखंड भरपूर येणार, आणि त्यावरून कणात लोखंड आहे असं म्हणता येत नाही. आमचा कण ३५ मायक्रॉनचा होता म्हणून ही अडचण मोठी नव्हती, मधोमध नेम धरला तर ग्राफ बऱ्यापैकी त्याचाच.

तरीही मी आधी ग्राफ घेतला तो कणाचा नाही, कणापासून थोड्या अंतरावरच्या साध्या स्टीलचा. हे फार महत्त्वाचं आहे आणि फार रिपोर्टांत नसतं. या स्टीलमध्येच सिलिकॉन दीड टक्क्याच्या जवळपास असतं, म्हणजे सिलिकॉनचं छोटं टोक सगळीकडे येणारच. शेजारचा ग्राफ समोर नसेल तर कुणीतरी त्याच टोकावरून "सिलिकेट इन्क्लूजन" लिहून मोकळा होतो.

मग उगमाच्या कणाचा ग्राफ घेतला. ऑक्सिजन मोठं, अॅल्युमिनियम मोठं, त्याला चिकटून मॅग्नेशियम, पुढे कॅल्शियमचं स्वच्छ टोक, सिलिकॉन शेजारच्या स्टीलपेक्षा थोडंच जास्त. त्यानंतर आजूबाजूच्या टोकेरी कणांपैकी पाच कणांचे ग्राफ घेतले, त्यात फक्त अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन. मॅग्नेशियम नाही, कॅल्शियम नाही.

मग ते बाकीचे कण आले कुठून

कटिंग व्हीलमधून, स्टीलवाले बरोबर होते. स्टील कापायच्या चकतीत अॅल्युमिनियम ऑक्साईडचेच दाणे असतात आणि स्प्रिंगवाल्यांच्या माणसाने तुकडा मशिनच्या चेंबरमध्ये बसावा म्हणून तुटलेल्या जागेच्या अगदी जवळ चकतीने कापला होता, तुटलेली बाजू झाकलीसुद्धा नव्हती. त्याला विचारलं तर म्हणाला, "झाकायची असते?" मला त्याचा राग आला नाही, कुणी शिकवलेलंच नसतं. पण तुटलेला पृष्ठभाग एकदाच मिळतो, दुसऱ्यांदा तीच स्प्रिंग तुटणार नाही. तो कापायचा असेल तर आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, लांबून कापा, दोन तुकडे एकमेकांवर घासून "बसतात का" बघू नका, बोट लावू नका. बोटाच्या घामाचं सोडियम आणि क्लोरीन ग्राफमध्ये येतं आणि मग कुणीतरी गंजण्याचा सिद्धांत मांडायला लागतं.

आता उगमाचा कणही व्हीलचाच नाही कशावरून, हा स्टीलवाल्यांचा पुढचा प्रश्न होता आणि रास्त होता. त्याला तीन गोष्टींनी उत्तर मिळालं. तुकडा अॅसिटोनमध्ये बुडवून अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये तीन मिनिटं ठेवला आणि त्याच जागेचा फोटो पुन्हा काढला. टोकेरी कणांतले दोन सोडून सगळे गेले, उगमाचा जागचा हलला नाही. दुसरं, त्याच्या कडा. जवळून बघितलं तर स्टील त्याच्याभोवती साच्यासारखं बसलेलं होतं आणि एका बाजूला बारीक फट होती. वरून पडलेल्या कणाखाली पृष्ठभागाच्या रेघा तशाच पुढे गेलेल्या दिसतात, इथे रेघा कणापासूनच निघत होत्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात पक्की. चीर पडली की दोन बाजू तयार होतात, आणि एका बाजूला खडा असेल तर दुसऱ्या बाजूला बरोबर आरशातल्या जागी त्याचा खड्डा किंवा उरलेला अर्धा भाग असायलाच पाहिजे. स्प्रिंगचा दुसरा तुकडा सुदैवाने कुणी कापला नव्हता, तो तसाच पिशवीत होता. त्यात आरशातल्या जागी त्याच आकाराचा खड्डा निघाला, आणि खड्ड्याच्या एका कडेला पातळ कपची चिकटलेली होती, तिच्यातही अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम. कटिंग व्हीलचा कण दुसऱ्या, न कापलेल्या तुकड्यात जाऊन बसू शकत नाही.

म्हणजे पहिल्या लॅबचं "अॅल्युमिनियम आलं" हे वाक्य खरं होतं आणि तरी त्यावरून काहीच ठरत नव्हतं. तो ग्राफ कुठल्या कणाचा होता हे त्यांच्या रिपोर्टात नव्हतंच.

"पण रिपोर्टात टक्के दिलेत की, दोन दशांशापर्यंत!"

हो, सॉफ्टवेअर देतं. आणि सपाट पॉलिश केलेल्या नमुन्यावर नीट स्टँडर्ड लावून काढले तर ते टक्के कामाचे असतात. तुटलेला पृष्ठभाग म्हणजे दऱ्याडोंगर. एक्स-रे मोजणारा डिटेक्टर एकाच बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे कण खड्ड्यात असेल तर हलक्या मूलद्रव्यांचे कमजोर एक्स-रे वाटेतल्या भिंतीतच शोषले जातात आणि जड मूलद्रव्यांचे पोचतात. ऑक्सिजन आणि अॅल्युमिनियम कमी दिसतं, लोखंड जास्त. तुकडा अर्धा वळसा फिरवून तोच कण पुन्हा मोजला तर आकडे बदलतात, मी करून दाखवतो लोकांना. म्हणून तुटलेल्या पृष्ठभागाच्या रिपोर्टात मी टक्के लिहीत नाही, मोठं, मध्यम, थोडं एवढंच लिहितो. आणि ईडीएसने मोजलेला स्टीलमधला कार्बन तर कुणी सांगितला तरी मानू नका, चेंबरमधल्या तेलाच्या वाफेचा थरसुद्धा कार्बनचं टोक देतो.

नावं लिहून देणारं सॉफ्टवेअरही चुकतं. गंधक २.३१ ला आणि मॉलिब्डेनम २.२९ ला, ही दोन टोकं ईडीएसला वेगळी दिसत नाहीत. मॉलिब्डेनम असलेल्या स्टीलमध्ये कुणी "सल्फर सापडलं" म्हटलं की मी आधी तिथे मँगनीज वाढलंय का बघतो, कारण स्टीलमध्ये गंधक बहुतेक मँगनीज सल्फाईड म्हणून बसतं, आणि मग व्होल्टेज वाढवून मॉलिब्डेनमचं दुसरं टोक १७.५ ला येतंय का ते बघतो.

"फटीग म्हणता, मग त्या प्रसिद्ध रेषा कुठेत?"

पुस्तकात फटीगचा फोटो म्हणजे समांतर बारीक रेषा, समुद्र मागे गेल्यावर वाळूवर उमटतात तशा. त्यांना स्ट्रायेशन म्हणतात, एका फेऱ्याला चीर जेवढी पुढे सरकली तेवढी एक रेष. त्या दिसतात, पण सगळ्या धातूंत सारख्या दिसत नाहीत. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंत सुंदर दिसतात, स्प्रिंगच्या कडक स्टीलमध्ये बहुतेक वेळा दिसत नाहीत. आमच्या स्प्रिंगमध्ये नव्हत्या. तरी फटीगच, कारण फिश-आय होता, चिरेचा भाग गुळगुळीत होता आणि बाकीचा, शेवटी एका झटक्यात तुटलेला भाग पूर्ण वेगळा होता.

त्या शेवटच्या भागात मधाच्या पोळ्यासारखे बारीक खळगे होते, डिंपल म्हणतात त्यांना, धातू ताणून फाटला की होतात. काही डिंपलच्या तळाशी बारीक कण दिसतात आणि लोक घाबरून विचारतात की एवढं इन्क्लूजन, स्टील अख्खंच घाण आहे का? नाही. ताणताना फाटायला कुठेतरी सुरुवात लागते आणि ती या कणांपाशी होते, चांगल्या स्टीलमध्येही. ते तुटण्याचं कारण नाही.

खडा जागेवर नसेल तर

१९ जुलै १९८९ ला अमेरिकेत एक डीसी-१० विमान मागच्या इंजिनाची पंख्याची चकती फुटल्यामुळे सू सिटीला कोसळलं. विमानात २९६ माणसं होती, ११२ गेली. चकती टायटॅनियमच्या मिश्रधातूची, तिचे मोठे तुकडे जवळजवळ तीन महिन्यांनी आयोवातल्या मक्याच्या शेतात कापणीच्या वेळी मिळाले. चिरेच्या उगमापाशी इन्क्लूजन नव्हतं, फक्त एक पोकळी होती, लांबी दीड मिलिमीटरहून कमी. कडक, ठिसूळ कण होता तो निघून गेला होता, पण पोकळीच्या भोवतीच्या धातूत नायट्रोजन प्रमाणाबाहेर होता, म्हणजे टायटॅनियम वितळवतानाच तिथे नायट्रोजन शिरलेला होता. आणि नायट्रोजन व टायटॅनियम यांची टोकं ईडीएसवर ०.४ च्या आसपास एकमेकांवर चढतात, टायटॅनियममधला नायट्रोजन नुसत्या ईडीएसने शोधायला गेलं तर फसायलाच होतं. त्याला जास्त बारीक फरक करणारी दुसरी पद्धत लागते. या चकतीत स्ट्रायेशन मात्र मोजता आल्या आणि त्यांचा हिशोब चकतीच्या एकूण १५,५०३ उड्डाणांशी बऱ्यापैकी जुळला. म्हणजे चीर चकतीच्या जवळजवळ पहिल्या दिवसापासून वाढत होती.

स्प्रिंगचं पुढे काय झालं

व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या स्टीलमध्ये अॅल्युमिनियम मुद्दाम टाळतात. स्टीलमधला ऑक्सिजन काढायला सिलिकॉन वापरतात, म्हणजे जे खडे उरतील ते मऊ सिलिकेटचे असतील आणि तार ओढताना लांबट, बारीक होऊन जातील. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचा ऑक्साईड तसा मऊ पडत नाही, तो खडाच राहतो. तो भट्टीच्या विटांमधून येऊ शकतो, वितळलेल्या स्टीलवर तरंगणाऱ्या मळीतून येऊ शकतो, किंवा सिलिकॉनसाठी टाकलेल्या फेरोसिलिकॉनमधल्या अशुद्ध अॅल्युमिनियममधून. यातलं नक्की कुठलं, ते एका कणाच्या ग्राफवरून सांगता येत नाही आणि मी सांगितलंही नाही. कॅल्शियम असल्यामुळे मळीचा संशय जास्त, इतकंच.

रिपोर्टात लिहिलं की चीर पृष्ठभागाच्या पाव मिलिमीटर खाली, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या ऑक्साईडच्या ३५ मायक्रॉनच्या इन्क्लूजनपासून सुरू झाली, इन्क्लूजन दोन्ही बाजूंवर जुळतं, आणि पृष्ठभागावरचे बाकीचे अॅल्युमिनियम ऑक्साईडचे कण कापताना आलेले आहेत. स्टीलवाल्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो मागितले, ते दिले, आणि त्यांच्या माणसाने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो तारेच्या हीट नंबरचा, म्हणजे ती तार भट्टीतल्या कुठल्या घाण्याच्या स्टीलची ते. त्या हीटच्या तारेचे बारा तुकडे पॉलिश करून बघितले, त्यात इतका मोठा खडा एकही सापडला नाही, पण ३५ मायक्रॉनचा एक खडा किलोभर तारेत एखादाच असेल तर बारा तुकड्यांच्या काही चौरस सेंटिमीटरमध्ये तो सापडायची आशाच कमी असते. स्प्रिंगवाल्यांनी त्या हीटच्या उरलेल्या सगळ्या स्प्रिंगा बाजूला काढल्या आणि त्यातल्या वीस पुन्हा रिगवर चढवल्या.